दोन वेळा धुतलेला पाय पुन्हा पुन्हा का पेटत होता? घणसोलीतल्या हत्तीपायाचं एक प्रकरण

या प्रकरणातली बाई ४८ वर्षांची आहे. मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, गेली २० वर्षं घणसोली गावठाणात दीड खोलीत राहते आणि महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. ही कोणा एकाच व्यक्तीची हकीकत नाही. नवी मुंबई-ठाण्यात अशा पायांमध्ये ज्या गोष्टी वारंवार दिसतात, त्या एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. मात्र पायाची अवस्था, चुका आणि उपाय जसे असतात तसेच ठेवले आहेत.

डावा पाय सुजायला लागून १४ वर्षं झाली. सुरुवातीला संध्याकाळी घोट्याशी सूज यायची आणि रात्री झोपलं की सकाळी उतरायची. पुढे ती सकाळीही उतरेनाशी झाली. आता घोट्यापुढे, पाऊल वाकतं तिथे कातडीला उथळ घड्या पडल्या आहेत. घडीत बोट घातलं तर तळ दिसतो, म्हणून ती उथळ. ब्राझीलमधल्या डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी हत्तीपायाच्या सूजेचे सात टप्पे ठरवले आहेत, त्यात हा तिसरा बसतो. घड्या खोल झाल्या, गाठी आल्या, कातडीवर शेवाळासारखे बारीक फोड दिसू लागले की टप्पा पुढचा. या बाईंचा पाय तिथपर्यंत गेलेला नव्हता आणि तो तिथे जाऊ न देणं हेच मुख्य काम होतं.

त्या दवाखान्यात आल्या मात्र सूजेसाठी नाही, तापासाठी. ११ महिन्यांत चार वेळा पाय पेटला होता: ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जून. प्रत्येक वेळी क्रम तोच. आधी हुडहुडी भरायची, इतकी की दोन चादरी पुरायच्या नाहीत. मग जांघेत अवधाण यायचं. चार-सहा तासांत पिंढरी लालभडक, गरम आणि हात लावू न देण्याइतकी दुखरी व्हायची. पाच-सहा दिवस अंथरुणात जायचे, नंतर कातडी पापुद्र्यासारखी सुटायची. ताप गेला तरी सूज आधीच्या जागी परत यायची नाही, थोडी वरच थांबायची. मुलगी म्हणाली, “दर वेळी आईची सलवार एक बोट घट्ट होते.” टेपने मोजण्याच्या आधीचं हे मोजमाप अगदी खरं होतं.

“मावशी, पाय रोज धुता ना?” परिचारिकेनं विचारलं.

“दोनदा धुतो ना जी. औषधाचं पाणी टाकून, ब्रशनं घासून.”

इथेच हे प्रकरण नेहमीपेक्षा वेगळं होतं. पाय धुवायला सांगणं हा पहिला सल्ला, आणि तो त्या आधीपासूनच पाळत होत्या. तरीही वर्षात चार झटके. म्हणजे धुण्यात काहीतरी चुकत होतं, किंवा धुतल्यानंतर.

पाय नेमका कशामुळे पेटतो

हत्तीरोगाचा जंतू म्हणजे धाग्यासारखा बारीक कृमी, वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतो आणि त्या वाहिन्या फुगून निकामी होतात. वाहिन्या निकामी झाल्या की दोन कामं अडतात: पेशींमधलं पाणी वर वाहून नेणं, आणि आत शिरलेल्या जिवाणूंना गाठींपर्यंत नेऊन त्यांचा निकाल लावणं. पहिलं काम अडलं म्हणून सूज येते. दुसरं अडलं म्हणून निरोगी पायावर किरकोळ ठरणारी खरचट या पायात ताप आणते.

म्हणजे हुडहुडी भरवणारा हा झटका कृमीचा नसतो, जिवाणूंचा असतो, बहुतेकदा स्ट्रेप्टोकोकसचा. हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. दर झटक्याला त्या ओळखीच्या दुकानातून हत्तीरोगाच्या डीईसी गोळ्या आणून खात होत्या. डीईसी रक्तातल्या सूक्ष्मकृमींवर, म्हणजे या कृमीच्या पिल्लांवर चालते, कातडीतून शिरलेल्या जिवाणूंवर तिचा काही परिणाम नाही. केरळात आलप्पुळा इथे झालेल्या अभ्यासात डीईसीमुळे असे झटके कमी झाले नाहीत, पायाच्या निगेमुळे झाले. शिवाय झटका चालू असताना डीईसी घेऊच नये असाच नियम आहे. बाईंची रात्रीची रक्ततपासणी (सूक्ष्मकृमी बहुतेक रात्री १० ते २ या वेळात रक्तात फिरतात) निर्दोष निघाली. जुन्या हत्तीपायात असं बऱ्याचदा होतं. कृमी मेलेले असतात आणि त्यांनी केलेलं नुकसान मागे राहतं.

कृमीमुळेही कधी एक दुखणं होतं, आणि दोन्हींत गल्लत होते म्हणून फरक सांगायला हवा. कृमी मरतो तेव्हा जांघेत किंवा मांडीत दोरीसारखी कडक, दुखरी रेघ उमटते. ती वरून खाली सरकते आणि ताप बहुधा हलका असतो. जिवाणूंच्या झटक्यात पायाचा मोठा भाग एकदम लाल होतो, थंडी वाजते, आणि नीट शोधलं तर खाली कुठेतरी जिवाणूंना आत येण्याची वाट सापडते.

वाट कुठे होती

वाट शोधायला टॉर्च लागतो, आणि बोटं फाकवायला दुसऱ्या माणसाचा हात. सुजलेल्या पायात बोटं एकमेकांना इतकी चिकटतात की त्यांच्या फटी रुग्णाला स्वतः वाकून दिसतच नाहीत. परिचारिकेनं गॉजची पट्टी करंगळी आणि चौथ्या बोटामध्ये हळूच सरकवून बोटं वेगळी केली. आत कातडी पांढरी, ओलसर, भिजलेल्या कागदासारखी झाली होती. मध्यभागी एक सेंटिमीटरभर चीर, आणि आंबूस वास. तिसऱ्या फटीतही पांढरेपणा होता, पण चीर नव्हती. म्हणजे चिखल्या. पावसाळ्यात कितीतरी मुंबईकरांना होतात त्याच, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. धडधाकट पायात चिखल्या म्हणजे नुसती खाज. हत्तीपायात तेच उघडं दार.

टाचेला दोन भेगा होत्या, त्यातली एक तांबूस. अंगठ्याचं नख जाड झालं होतं आणि कडेला कोपऱ्यात खोल कापलेलं. बाकी पायाला जखम नव्हती. पण पिंढरीवर पुढच्या बाजूला उभे बारीक ओरखडे होते, आणि ते ब्रशचे होते.

आता त्यांची धुण्याची पद्धत. सकाळी कामावर जाण्याआधी आणि रात्री, मोरीत उभं राहून, एका हातानं भिंत धरून पाय धुवायच्या. बादलीत कडकडीत पाणी, त्यात जंतुनाशकाची अंदाजानं ओतलेली धार. कपडे धुण्याच्या ब्रशनं पिंढरी घासायची. मग ओल्या पायपुसण्यावर पाय टेकवून सरळ चप्पल घालायची. बोटांमध्ये पाणी राहायचं, त्यावर दिवसभर गमबूट. कॅन्टीनच्या घासायच्या जागेत पाणी घोट्यापर्यंत उडतं, बुटाच्या आत शिरतं आणि आठ तास आतच राहतं. घरी आल्यावर पुन्हा कडक पाणी.

एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. पण गरम पाण्यानं सुजलेल्या पायातल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आणखी पाणी बाहेर पाझरतं. तीव्र जंतुनाशकानं कातडीचं तेल निघून ती कोरडी पडते, भेगाळते. ब्रशनं डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. आणि बोटांमधलं पाणी न टिपता बुटात कोंडलं की बुरशीला हवी ती ऊब आणि ओल मिळते. दिवसातून दोनदा धुणं म्हणजे दिवसातून दोनदा बोटं भिजवून ठेवणं झालं होतं. त्यांच्या मेहनतीत कमतरता कुठेच नव्हती. कमी पडत होता तो एक कोरडा सुती पंचा आणि पाच मिनिटं.

बदललेली पद्धत

पहिला बदल बसण्याचा. एका पायावर उभं राहून बोटांच्या फटी साफ होत नाहीत आणि मोरीत घसरण्याची भीती वेगळीच. एक प्लॅस्टिकचं स्टूल बसायला, एक ठेंगणा पाट पाय ठेवायला, खाली टब, शेजारी मग. टब फक्त या पायासाठी, त्यात कपडे भिजवायचे नाहीत. घरात दीड खोली असली तरी दाराजवळ, उजेडात ही मांडणी जमली. मोरीतला ४० वॅटचा पिवळा दिवा बोटांच्या फटी बघायला पुरत नाही. जागा बदलल्यावर निम्मा फरक तिथेच पडला असं म्हणता येईल.

पाणी नळाचं, साधं, कोमट सुद्धा नाही. साबण अंघोळीचाच, पण वास आणि रंग कमी असलेला. सोड्याचा किंवा कपड्यांचा नको. जंतुनाशकाची बाटली बंद करून ठेवायला सांगितली. रोजच्या धुण्याला साबण आणि पाणी पुरतं. फार वास येणारी, पाझरणारी कातडी असेल तर डॉक्टर पोटॅशियम परमँगनेटचं पाणी सांगतात, तेही १ लिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे फिकट गुलाबी. जांभळं पाणी कातडी जाळतं आणि न विरघळलेला कण कातडीला लागला तर तिथे भाजतं. या बाईंना त्याची गरज पडली नाही.

धुण्याआधी पाय पाहायचा. मुलगी टॉर्च धरते, बोटं एकेक करून फाकवते, टाच बघते, घड्या उघडून बघते. सुरुवातीचा महिनाभर तिनं रोज करंगळीच्या फटीचा मोबाइलवर फोटो काढला. सुधारणा इतकी हळू होते की फोटो शेजारी ठेवल्याशिवाय ती पटत नाही.

मग गुडघ्यापासून खाली साबण लावत यायचं. हात किंवा मऊ सुती फडकं वापरायचं, ब्रश नाही, घासणी नाही, टाचेला खडबडीत दगडही नाही. घडी एका हातानं उघडी धरून आतून धुवायची. बोटांच्या फटींत गॉजची किंवा जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी साबणाच्या पाण्यात भिजवून पुढे-मागे हळू सरकवायची. रक्त आलं तर जोर जास्त झाला. खाली पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत मगानं पाणी ओतत राहायचं, कारण फटीत उरलेला साबणही कातडी खातो. दुसरा पायही असाच धुवायचा. त्याला चिखल्या असतील तर तिथून बुरशी परत इकडे येते.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाईत पहिल्यांदा तोच गळतो. पंच्यानं पाय टिपायचा, पुसायचा नाही. वरून खाली टिपून झालं की कोरडी पट्टी प्रत्येक फटीत घालून तिथे पाच-दहा सेकंद तशीच ठेवायची. सुती कापड पाणी शोषून घेतं, सरकवलं तर ते नुसतंच पसरतं. पट्टी बाहेर काढून बोटानं चाचपायची. ओली लागली तर दुसरी घ्यायची, कोरडी निघेपर्यंत. मग पाय पाटावर ठेवून पंख्याखाली पाच मिनिटं. पंचा आणि पट्ट्या रोज धुऊन उन्हात वाळवायच्या. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून सात पट्ट्यांचा गठ्ठा केला आणि वाळवण इस्त्रीनं केलं. हीच पट्टी ओलसर परत वापरली तर बुरशीची पेरणीच होते.

चिखल्यांवर डॉक्टरांनी बुरशीनाशक मलम दिलं, क्लोट्रिमॅझोल १ टक्का, दिवसातून दोनदा. चार फटींना मिळून तर्जनीच्या टोकाच्या अर्ध्या पेराइतकं पुरतं, आणि ते आत जिरेपर्यंत चोळायचं. पांढरा थर दिसत राहिला तर तोच थर ओल धरून ठेवतो. फटी बऱ्या दिसल्यावर बाई आठव्या दिवशी मलम बंद करायला निघाल्या होत्या. मुलीनं आठवण करून दिली म्हणून दोन आठवडे पुढे चाललं. बरी दिसणं आणि बुरशी मरणं यात अंतर असतं, आणि अर्धवट सोडलेल्या मलमामुळे चिखल्या महिन्याभरात परत येतात.

पिंढरी आणि टाच कोरडी राहू नयेत म्हणून तिथे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा पातळ हात. बोटांच्या फटींत मात्र काही चिकट लावायचं नाही. पावडरही नाही, ती ओलीत गोळा होऊन बसते. भेगेला जंतुनाशक मलम, वरून गॉज. नखं सरळ रेषेत कापायची, कोपऱ्यात शिरायचं नाही. तिथे घेतलेली चीर म्हणजे नखुरड्याला आमंत्रण. जाड नख कापताना आधी पाय धुऊन झालेला असला तर ते मऊ असतं.

बूट आणि कॅन्टीन

हे सगळं घरी बरोबर झालं तरी आठ तासांचा गमबूट हा प्रश्न राहिलाच. नोकरी सोडा म्हणणं सोपं, पण त्यावर घर चालत होतं. त्यामुळे तिथली जागा बदलायचा विचार झाला. ठेकेदाराकडे परिचारिकेची चिठ्ठी गेली. त्यानं घासायच्या जागी लाकडी फळ्यांचा उंच तळ टाकला, म्हणजे पाणी फळ्यांखालून वाहून जातं. बाईंची पाळी घासण्यातून भाजी चिरण्याकडे आठवड्यात तीन दिवस वळली. गमबूट डाव्या पायासाठी एक नंबर मोठा घेतला. आत सुती मोजे, सोबत दोन जादा जोड्या, आणि जेवणाच्या सुट्टीत बूट काढून मोजे बदलायचे. बूट एकच असेल तर तो रात्रभरात आतून वाळत नाही, म्हणून दोन जोड एकाआड एक दिवस. घरी आणि रस्त्यात पट्ट्यांची, बोटं उघडी राहतील अशी मऊ चप्पल. अनवाणी चालायचं नाही, मोरीतसुद्धा नाही. अंगठ्याची रबरी चप्पल सुजलेल्या पायाला अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या बेचक्यात काचते, ती टाळली.

पावसाळ्यात स्टेशनकडे जाताना गुडघाभर पाणी तुंबतं. तिथून चालणं टाळता येत नसेल तर पोचल्यावर लगेच साध्या पाण्यानं पाय धुऊन पट्टीनं टिपायचा, रात्रीपर्यंत थांबायचं नाही.

सूज उतरवण्यासाठी दोन गोष्टी जोडल्या. बसलं की पाय वर, गुडघा किंचित वाकलेला, घोटा आणि पिंढरी दोन्हींना आधार मिळेल असा. त्या जमिनीवर झोपतात, म्हणून गादीखाली गुडघ्यापासून टाचेपर्यंत घडी घातलेली सतरंजी. फक्त टाचेखाली उशी घेतली तर गुडघ्यावर ताण येतो आणि रात्री ती सरकून जाते. हृदयाचा विकार असणाऱ्यानं हे डॉक्टरांना विचारून करावं, कारण पायातलं पाणी एकदम वर येतं. दुसरी गोष्ट म्हणजे घोट्याच्या हालचाली: पाऊल वर-खाली, मग गोल, प्रत्येक दिशेला दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी चिरताना बसल्या बसल्या त्या हे करतात. क्रेप बँडेज त्यांनी स्वतःच आणलं होतं, तेही घट्ट. ते बाजूला ठेवायला सांगितलं. कातडी बरी झाल्यावर ते शिकलेल्या माणसाकडून बांधून घ्यायचं. झटक्यात तर कधीच बांधायचं नाही.

सप्टेंबरचा झटका

निगा जुलैत सुरू झाली. ऑगस्ट झटक्याविना गेला. गणपतीत त्या चार दिवस गावी गेल्या, तिथे टब नाही, स्टूल नाही, बायकांच्या गर्दीत पाय उघडा करून बसायचा संकोच. पट्ट्या पिशवीतच राहिल्या. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली.

यावेळी फरक पुढच्या तासांत होता. आधी काय व्हायचं? गरम पाण्याचा शेक, त्यावर घट्ट पट्टी, एखादा पाल्याचा लेप, आणि सुट्टी कापली जाईल म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर. शेकानं सूज आणि वेदना वाढतात, लेपातून आणखी जंतू आत जातात, चालण्यानं जिवाणू वर सरकतात. यावेळी त्या आडव्या झाल्या, पाय वर घेतला, पिंढरीवर साध्या पाण्यात भिजवलेलं कापड ठेवलं आणि ते कोमट झालं की बदललं. तापाला पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. पाणी भरपूर. व्यायाम बंद. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन प्रतिजैविक सुरू झालं. पेनिसिलिनची कधी अॅलर्जी झाली होती का हे मुलीनं न विचारता सांगितलं, कारण त्याची नोंद घरच्या वहीत होती. पाय धुणं थांबवलं नाही, फक्त हात हलका ठेवला आणि साबणाचा फेस वरून ओतला.

मुलीकडे कागदावर पाच ओळी लिहून दिल्या होत्या की या गोष्टी दिसल्या तर घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालयात: २४ तासांत ताप न उतरणं, वारंवार उलटी, भान हरपणं किंवा बडबड, कातडीवर पाण्याचे फोड किंवा काळपट डाग, आणि वेदना असह्य होणं. त्यातलं काही झालं नाही. ताप दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला, लाली पाच दिवसांत फिकी पडली. प्रतिजैविक मात्र ठरलेले आठही दिवस घेतलं. सहाव्या दिवशी कातडी सुटायला लागली, ती ओढली नाही, तेल लावून आपोआप गळू दिली. त्या काळात खाली कोवळी कातडी उघडी असते, म्हणून फटींची पाहणी दिवसातून दोनदा.

ताप नाही, लाली नाही, पण पिंढरी एकाएकी दुखून पाय फुगला, तर तो हत्तीपायाचा झटका समजून चालू नये. शिरेत गुठळी झालेली असू शकते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि झटके वारंवार येत असतील तर रक्तातली साखर एकदा तपासावी. बाईंची ठीक निघाली.

मोजमाप

मोजणी महिन्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, एकाच टेपनं. घोट्याच्या हाडापासून वर १० आणि २० सेंटिमीटरवर कातडीवर बॉलपेननं खूण करून. टेप कातडीला टेकलेला असावा, रुतू नये. जुलैत डावी पिंढरी २० सेंटिमीटरवर ४२ सेंटिमीटर होती, उजवी ३३. १० सेंटिमीटरवर डावी २९.५, उजवी २२. सप्टेंबरच्या झटक्यात डावी ४३.५ झाली. पुढच्या जूनअखेर ती ३९.५ आणि २७.५ वर स्थिरावली. पाय उजव्यासारखा झाला नाही, होणारही नाही. निकामी वाहिन्या परत येत नाहीत. पण घोट्यापुढची घडी आता बोटानं सपाट होते आणि जुनी सलवार चढते.

पुढच्या ११ महिन्यांत झटका एकच आला, तो सप्टेंबरचा. चारवरून एकवर येणं हे यश आहे, पण एखाद्याला इतकी निगा घेऊनही वर्षात दोन किंवा अधिक झटके आले तर डॉक्टर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन किंवा रोजची गोळी ठरवू शकतात. ती निगेला जोड असते, तिची जागा घेत नाही. निगा सोडून फक्त तिच्यावर विसंबणं म्हणजे दार उघडं ठेवून पहारेकरी बसवणं.

टब, मग, टॉवेल, साबण आणि मलमाचा संच हत्तीरोग निर्मूलन कार्यक्रमातून नोंद झालेल्या रुग्णांना मिळतो. त्यासाठी जवळच्या नागरी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पायाची नोंद करून घ्यावी लागते. बाईंची नोंद १४ वर्षांत झालीच नव्हती, कारण रक्तात कृमी सापडले नाहीत तर नोंद होत नाही असा त्यांचा समज होता.

यंदाच्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर आठव्या दिवशी, मुलीनं करंगळीच्या फटीचा फोटो पाठवला. तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका, चीर नाही, वास नाही, खाजही नाही. मलम त्याच रात्री सुरू झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मोज्यांची तिसरी जोडी बदलली जाऊ लागली.